चुकीची फाइल आणि चार ओळींची माफी

जीएसटीची २० तारीख तोंडावर, आणि आज आमच्या सीए ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीने हार्डवेअरवाल्या काकांना दुसऱ्याच दुकानाचं विक्रीचं रजिस्टर मेल केलं. दोन्ही फाइलींचं नाव Sales_Final! जीमेलचं Undo फार तर ३० सेकंद मिळतं, ते कधीच उलटले होते. तिच्या माफीच्या मसुद्यात निम्मा दोष नेटवर्कला होता. तो छाटून एवढंच ठेवलं:

‘नमस्कार काका, मघाच्या मेलला चुकून दुसऱ्या ग्राहकाची फाइल जोडली गेली. क्षमस्व. कृपया ती उघडू नका, पुढे पाठवू नका, डिलीट करून तेवढं कळवा. तुमचं रजिस्टर आज ४ वाजेपर्यंत पाठवते. ते तुम्ही तपासल्यावरच रिटर्न भरू.’

वेळ मुद्दाम घातली, नाहीतर काकांचे फोन सुरूच राहिले असते. बरोबर फाइल नव्या मेलने गेली, नावात दुकान आणि महिना घालून. जुन्या मेलच्या साखळीत घाईघाईत चुकीचीच फाइल पुन्हा उघडली जाते.

ज्यांचे आकडे बाहेर गेले त्या दुकानदारांनाही सांगणं भाग होतं. तो फोन मात्र मलाच करावा लागला, आणि ते चांगलेच तापले.