दिशाकोड्यांची वही: सहा टप्पे, एक बिंदू आणि ५-१२-१३ची गंमत

या पावसाळ्यात दिशाकोडी बाणांच्या आकृतीवरून निर्देशकांवर आणली. बाण काढून कोडं सोडवण्यात वावगं काही नाही. दोन-तीन वळणं असतील तर तेच सगळ्यात झटपट होतं. पण वळणं वाढली की हातानं काढलेली आकृती फसवायला लागते. ८० मीटरची रेघ ५० मीटरच्या रेघेएवढीच निघते आणि शेवटचा बिंदू आधीच्या एखाद्या कोपऱ्याच्या डावीकडे की उजवीकडे, हे कोड्यावरून न ठरता आपल्या हाताच्या वळणावरून ठरतं.

सध्या ज्या कोड्यावर मी सगळं तपासून पाहतो, ते असं:

सूर्योदयानंतर लगेच ओवी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर उभी आहे. तिची सावली तिच्या बरोबर डाव्या हाताला पडली आहे. ती समोर ७० मीटर चालते, उजवीकडे वळून ५० मीटर जाते, पुन्हा उजवीकडे वळून ३० मीटर, मग डावीकडे ४० मीटर, परत डावीकडे ८० मीटर आणि शेवटी आणखी एकदा डावीकडे वळून ४० मीटर. आता ती निघाली तिथपासून किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला आहे?

(तलावात पडेल ना, असं आमच्याकडे दर वेळी कोणीतरी म्हणतंच. कोड्यातल्या माणसांना पाणी, भिंत, रिक्षा काहीही आडवं येत नाही.)

सकाळची सावली पश्चिमेला. ती डाव्या हाताला असेल तर तोंड उत्तरेला. वहीच्या चौकटीच्या पानावर आरंभबिंदू (०, ०) धरायचा, एक घर म्हणजे १० मीटर. कंसातला पहिला आकडा पूर्वेकडचा, दुसरा उत्तरेकडचा. पश्चिम आणि दक्षिण ऋण. मग प्रत्येक टप्प्याला एकच ओळ लिहायची:

उत्तर ७० → (०, ७०)
पूर्व ५० → (५०, ७०)
दक्षिण ३० → (५०, ४०)
पूर्व ४० → (९०, ४०)
उत्तर ८० → (९०, १२०)
पश्चिम ४० → (५०, १२०)

म्हणजे ओवी ५० मीटर पूर्वेला आणि १२० मीटर उत्तरेला आहे. ५०चा वर्ग २५००, १२०चा वर्ग १४४००, बेरीज १६९००, वर्गमूळ १३०. चालली ३१० मीटर, पण सरळ रेषेत गेली १३० मीटर.

या ओळी लिहून ठेवण्याचा फायदा उपप्रश्न आला की कळतो. उदाहरणार्थ, शेवटचा बिंदू दुसऱ्या वळणाच्या नेमका उत्तरेला आहे का? दुसरं वळण (५०, ७०) इथे आहे आणि शेवट (५०, १२०) इथे. पहिला आकडा तोच, म्हणून हो, बरोबर ५० मीटर उत्तरेला. बाणांच्या आकृतीत हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत आले तर तो केवळ योगायोग.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दक्षिणेकडे तोंड असताना. माणूस वहीच्या पानावर आपल्याकडे तोंड करून येत असतो, त्यामुळे त्याचं डावं ते आपलं उजवं. ओवीच्या तिसऱ्या वळणावर नेमकं हेच होतं: ती दक्षिणेला चालली आहे, डावीकडे वळते आणि पूर्वेला जाते. काही जण इथे वही फिरवतात. मला ते आवडत नाही, कारण दोनदा फिरवली की मूळ उत्तर कुठे होती तेच विसरायला होतं. त्याऐवजी दिशासुद्धा आकड्यांच्या जोडीनं लिहायची: उत्तर (०, १), पूर्व (१, ०), दक्षिण (०, −१), पश्चिम (−१, ०). उजवीकडे वळायचं असेल तर दोन आकड्यांची अदलाबदल करून नंतर दुसऱ्याचं चिन्ह उलटं करायचं. डावीकडे वळायचं असेल तर अदलाबदल करून पहिल्याचं. दक्षिण (०, −१) वरून डावीकडे: अदलाबदल केली की (−१, ०), पहिल्याचं चिन्ह उलटलं की (१, ०), म्हणजे पूर्व. डोळ्यांसमोर माणूस उभा करावाच लागत नाही.

एकदा सगळ्या टप्प्यांच्या दिशा ठरल्या की क्रमाला काही महत्त्व राहत नाही. उत्तरेकडचे ७० आणि ८० मिळवायचे, दक्षिणेचे ३० वजा करायचे: १२०. पूर्वेचे ५० आणि ४० मिळवायचे, पश्चिमेचे ४० वजा: ५०. ही बेरीज मी ओळी लिहून झाल्यावर ताळा म्हणून करतो. पण ही मोकळीक फक्त दिशांना आहे, वळणांना नाही.

वळणांचा ताळा वेगळा. ओवीनं दोन वळणं उजवीकडे घेतली आणि तीन डावीकडे. शिल्लक राहिलं एक डावं. उत्तरेकडून एकदा डावीकडे म्हणजे पश्चिम, आणि शेवटचा टप्पा खरंच पश्चिमेचा आहे. एखादं उजवं चुकून डावं वाचलं गेलं, तर हिशेबातलं तोंड नेमकं उलट्या दिशेला येतं आणि चूक लगेच सापडते. दोन वळणांची आपसात अदलाबदल झाली तर मात्र हा ताळा गप्प बसतो. ओवीचं दुसरं उजवं आणि पहिलं डावं यांची जागा बदलून पाहा: शेवटी तोंड पश्चिमेलाच राहतं, पण बिंदू येतो (५०, १८०). कागदावर सगळं बिनचूक दिसतं आणि उत्तर साफ चुकतं. यावर कुठला गणिती उपाय मला सापडलेला नाही. कोडं पुन्हा वाचताना फक्त उजवं-डावं याच शब्दांवर बोट ठेवत जायचं, एवढंच.

आता दिशा, आणि या नोंदीचं खरं कारण. छापील उत्तरांच्या रिवाजानं पूर्वेचा आकडा धन, उत्तरेचा धन, म्हणून उत्तर ईशान्य. वाशीच्या आमच्या मित्राचा आक्षेप असा, की आठ दिशा मानायच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ४५ अंश येतात. उत्तर म्हणजे खऱ्या उत्तरेच्या दोन्ही बाजूंना २२.५ अंश, आणि ईशान्य त्यानंतर सुरू होते. मग फक्त चिन्हं पाहून ईशान्य कसं म्हणायचं?

त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि तपासायला कोनमापक लागत नाही. चिन्हं सोडून दोन आकड्यांतल्या लहानाला मोठ्यानं भागायचं. भागाकार ०.४१४ पेक्षा कमी आला तर काटेकोर उत्तर मुख्य दिशा, जास्त आला तर उपदिशा. (हा आकडा म्हणजे दोनाचं वर्गमूळ वजा एक, २२.५ अंशांचा स्पर्शक.) ओवीसाठी ५० भागिले १२० म्हणजे ०.४१७. उत्तरेपासून २२.६ अंश. ती ईशान्येत आहे, पण अगदी उंबरठ्यावर. शेवटच्या टप्प्यात ४० ऐवजी ४१ मीटर चालली असती, तर ४९ भागिले १२० म्हणजे ०.४०८, आणि काटेकोर उत्तर ‘उत्तर’ झालं असतं. एका मीटरनं!

कोडी रचणाऱ्यांना ५-१२-१३ हे त्रिकूट आवडतं कारण वर्गमूळ पूर्ण येतं. दिशा विचारायची असेल तर मात्र मी आता ते टाळतो. ३-४-५मध्ये भागाकार ०.७५, ८-१५-१७मध्ये ०.५३, तिथे दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं. ७-२४-२५मध्ये ०.२९ येतो, तिथे दोन पद्धती उघडउघड भांडतात. ते वापरायचं असेल तर ‘उत्तरेपासून पूर्वेकडे किती अंश’ असं विचारावं म्हणजे वाद मिटतो. ‘कोणापासून’ हेही नीट पाहावं: कट्ट्यापासून ओवी ईशान्येला, पण ओवीपासून कट्टा नैऋत्येला. दोन्ही चिन्हं उलटी करायची, बाकी काही नाही.

सावलीबद्दल थोडं. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो हे कोड्यापुरतं ठीक आहे. ठाण्यात जूनमध्ये तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो. दुपारच्या सावलीची कोडी तर मी घेतच नाही. ‘दुपारी सावली उत्तरेला पडते’ असं गृहीत धरलेलं असतं, पण आपल्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९.२ अंशांवर, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. शिवाय माध्यान्ह आपल्या घड्याळात बाराला होतच नाही, साडेबाराच्या आसपास होते.

गेल्या काही आठवड्यांत ४५ अंशांची वळणं सुरू केली आहेत. तिथे वरचा अदलाबदलीचा नियम चालत नाही, म्हणून आठ दिशांना उत्तरेपासून घड्याळाच्या क्रमानं ० ते ७ असे आकडे दिले. उजवीकडे ४५ अंश म्हणजे एक मिळवायचा, डावीकडे म्हणजे एक वजा; ऋण झालं तर आठ मिळवायचे, आठ झाले तर आठ वजा करायचे. तिरक्या टप्प्याच्या लांबीला १.४१४ नं भागलं की दोन्ही आकड्यांत होणारा बदल मिळतो. ओवीलाच पुढे चालवून पाहिलं. ती पश्चिमेकडे, म्हणजे ६ वर आहे. डावीकडे ४५ अंश वळली की ५, म्हणजे नैऋत्य. तिथून ५० गुणिले दोनाचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ७०.७ मीटर चालली, तर दोन्ही आकडे ५० नं कमी होतात आणि ती (०, ७०) वर येते, थेट आपल्या पहिल्या वळणावर. तिथे आणखी ४५ अंश डावीकडे वळली की दक्षिण, आणि ७० मीटरवर कट्टा. हे मी ठरवून केलं नव्हतं, आकडे आपोआप जुळले. पण आता बंद वाटेची कोडी शेवटाकडून सुरुवातीकडे रचतोय ती यावरूनच.

वाशीच्या मित्रासाठी रचलेलं ताजं कोडं खाली देतो. उत्तर देताना दिशेची कोणती पद्धत धरली तेही लिहा.

सूर्यास्ताच्या वेळी एक माणूस असा उभा आहे की त्याची सावली बरोबर त्याच्या पाठीमागे पडते. तो समोर ६० मीटर चालतो, उजवीकडे वळून १०० मीटर, उजवीकडे ९० मीटर, डावीकडे १४० मीटर आणि शेवटी उजवीकडे ४० मीटर. तो सुरुवातीच्या जागेपासून किती दूर आणि कोणत्या दिशेला आहे? आणि शेवटच्या टप्प्यात किमान किती मीटर जास्त चालला असता, तर दोन्ही पद्धतींनी दिशा एकच आली असती?