छत्रीपासून मांडवापर्यंत

मित्राने लग्नपत्रिकेवर छापण्यासाठी दोन ओळी मागितल्या, तेव्हा अर्ध्या तासाचे काम आहे असे मला वाटले होते. प्रत्यक्षात चार संध्याकाळी गेल्या, कारण पहिल्या संध्याकाळी लिहिलेल्या ओळी बिनचूक होत्या आणि नेमकी तीच अडचण होती.

'दोन जिवांचे जमले नाते, आनंदाला भरते येते' अशा त्या ओळी होत्या. ह्रस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाची दोन, या हिशेबाने प्रत्येक ओळीत आठ अधिक आठ अशा सोळा मात्रा भरत होत्या. टाळी देत म्हटल्या तरी कुठे ठेच लागत नव्हती. यमक मात्र लंगडे होते, कारण 'नाते' आणि 'येते' यांत फक्त शेवटचा 'ते' जुळतो आणि त्याच्या आधीचा स्वर वेगळा पडतो. तेही एक वेळ चालले असते, पण त्या ओळी कोणाच्याही पत्रिकेवर तितक्याच शोभल्या असत्या. पाहुणा अशा ओळी वाचत नाही. त्यांच्यावरून नजर फिरवून तो थेट मुहूर्ताच्या वेळेकडे जातो.

"तुमची ओळख कुठे झाली?" असे मी मित्राला विचारले. "पावसात अडकलो होतो, आणि दोघांत मिळून छत्री एकच होती," तो म्हणाला. त्यावरून लगेच सुचले: 'एकच छत्री, दोघे खाली, तिथेच अमुची ओळख झाली.' मात्रा पुन्हा सोळा, आणि 'खाली–झाली' हे यमक आधीच्या स्वरासकट जुळणारे. तरीही गोष्ट ओळखीपाशीच थांबली. पत्रिका ही शेवटी बोलावणे असते, आणि या ओळींत कोणालाच बोलावलेले नव्हते.

द्विपदी पहिल्या ओळीपासून लिहायला घेतली की दुसरी ओळ यमकाच्या मागे फरफटत जाते आणि मग मात्रा पुरवण्यासाठी 'ही', 'तो', 'खरोखर' असे भरीचे शब्द घुसतात, हे मला तिसऱ्या संध्याकाळी उमगले. म्हणून मी उलटा निघालो. दुसऱ्या ओळीने जे सांगायचे ते आधी ठरवले: सर्वांनी या. आता छत्रीसारखेच डोक्यावर येणारे, पण सर्वांना सामावून घेणारे काय, असा प्रश्न पडला आणि 'मांडव' हा शब्द स्वतःहून हजर झाला. 'मांडव आता सगळ्यांवरती' अशी ओळ मिळाली. पहिल्या ओळीने आता फक्त 'रती' या आवाजापर्यंत पोहोचायचे होते:

छत्री होती दोघांपुरती,
मांडव आता सगळ्यांवरती.

'सगळ्यां' या शब्दावर थोडा खल झाला. जोडाक्षराआधीचे ह्रस्व अक्षर गुरू, हा नियम डोळे मिटून लावला तर 'ग'च्या दोन मात्रा होतात आणि ओळ एका मात्रेने वाढते. पण 'तुझ्या' म्हणताना जसा 'तु'वर आघात येत नाही, तसाच इथे 'ग'वर येत नाही, आणि आघात नसेल तर ते अक्षर लघूच राहते. मात्रा शेवटी कान मोजतो. 'सर्वांवरती' निर्विवाद बसले असते, पण त्यात सूचनाफलकाचा थोडा वास आहे. घरचे आमंत्रण 'सगळ्यांना' असते.

या ओळी वाचणारा का हसतो, याचा मी नंतर विचार केला. 'दोघांपुरती' ऐकताच कान त्याच आवाजाची वाट पाहू लागतो. पुढे 'प्रीती–रीती'सारखी झिजलेली जोडी आली तर अपेक्षा पुरी होते, पण शब्द आधीच कळलेला असतो. इथे आवाज ओळखीचा येतो आणि अर्थ मात्र छत्रीवरून मांडवावर उडी घेतो. शिवाय यमकाला एक लबाड शक्तीही आहे. मॅकग्लोन आणि तोफिघबख्श या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यमक जुळणारी वचने, त्याच अर्थाच्या बिनयमकी वचनांपेक्षा लोकांना अधिक खरी वाटली होती. पण रचना बाजूला ठेवून केवळ मजकूर तपासा असे सांगितल्यावर हा फरक ओसरला. पत्रिका हाती घेतलेल्या पाहुण्याला अर्थातच असे कोणी बजावत नाही.

छपाईआधीचा नमुना आला तेव्हा त्यात 'दोघांपूरती' असे दीर्घ छापलेले होते. मित्राला त्यात काही वावगे दिसले नाही. मी त्याला ती ओळ टाळी देत मोठ्याने वाचायला लावली, तर 'पू'पाशी त्याची टाळी चुकली. त्याने मुकाट्याने पेन मागितले.