आमची वाटचाल: चष्म्याच्या दुकानाची एक छोटी जाहिरात

२००९ साली सांगलीत दुकान टाकलं तेव्हा गाळा जेमतेम तीन मीटर लांब होता आणि नंबर तपासायला सहा मीटर अंतर लागतं, म्हणून समोरच्या भिंतीवर आरसा लावला आणि उलट्या अक्षरांचा चार्ट पेशंटच्या डोक्यामागे टांगला. अजून तसंच चालतं.

पहिलं पत्रक प्रिंटरनेच लिहून दिलेलं, "नंबर वाढणं थांबवा". छापून झाल्यावर मी वाचलं आणि गठ्ठा तसाच ठेवून दिला, कारण साध्या चष्म्याने नीट दिसतं, नंबर वाढायचा थांबत नाही.

धंदा खरा शिकलो ते एका शिक्षकांमुळे. सर ४६ वर्षांचे, चाळिशी लागलेली, त्यांना प्रोग्रेसिव्ह लेन्स दिली म्हणजे वर लांबचा नंबर, खाली वाचायचा, मधे रेषा नाही. आठ दिवसांत परत आले, म्हणाले, "अहो, वह्या तपासताना हनुवटी वर करावी लागते, मान भरून येते." नंबर परत काढला तर बरोबर! मग लेन्सवर मार्करने खुणा करून बघितलं तर लेन्स बसवायच्या खुणेचा क्रॉस बुबुळाच्या मध्यावर यायला हवा तो तीन-साडेतीन मिलिमीटर खाली बसलेला. चूक माझीच होती, मी आधी फ्रेममधे बुबुळ किती उंचीवर येतं ते माप घेतलं आणि डिलिव्हरीच्या वेळी नोज पॅड रुंद केले, फ्रेम नाकावरून खाली आली आणि वाचायचा भाग पण तेवढाच खाली गेला. पॅड परत आत घेतले तर नाकाला टोचायला लागले, शेवटी लेन्स स्वखर्चाने नवीन करून दिली.

तेव्हापासून आधी फ्रेम नाकावर आणि कानामागे पक्की बसवतो, गिऱ्हाइकाला ताठ बसवून समोर बघायला लावतो, मगच फ्रेममधल्या बिननंबरच्या डेमो लेन्सवर प्रत्येक डोळ्याची वेगळी खूण करतो. दोन्ही डोळ्यांची उंची सारखी नसते बऱ्याच जणांची. आणि प्रोग्रेसिव्हमधे कडेने थोडं हलल्यासारखं दिसतंच, जिना उतरताना जपायचं, हे पैसे घेण्याआधी सांगतो.

यंदा गाळा बदलला नाही, पण जाहिरात नवीन केली, मीच लिहिली:

"चष्म्याचा नंबर तपासून मिळेल, वेळ साधारण २५ मिनिटं. जुना चष्मा सोबत आणा. डायबेटिस असेल तर सांगा, शुगर वरखाली असताना काढलेला नंबर बदलू शकतो. फ्रेम घालून, आरशात बघून, वाकून बघा, घसरली तर ती घेऊ नका. आम्ही फक्त नंबर काढतो, काचबिंदू किंवा पडद्याचे आजार तपासत नाही, त्यासाठी नेत्रतज्ज्ञ. अचानक दिसायचं कमी झालं, चमका किंवा काळे ठिपके दिसायला लागले, पडदा ओढल्यासारखं वाटलं तर चष्म्यासाठी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा."

प्रिंटर म्हणाला ऑफर कुठेय? म्हटलं, खाली पत्ता आणि वेळ टाक, बास.