आम्ही बिनसाखरेचा घेतो

“ताई, ब्रेकअपनंतरच्या पाच टप्प्यांपैकी मी कितव्यावर आहे, हे कसं ओळखू? सहा महिने झाले, आता तर मी कोण हेच कळेनासं झालंय.”

टप्पा शोधत बसू नका. नकार, राग, घासाघीस, उदासी, स्वीकार ही यादी एलिझाबेथ क्युबलर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली मांडली, तीही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. ब्रेकअपला ती मागाहून चिकटली. माझ्या बाबतीत सकाळी स्वीकार असायचा, दुपारी राग, आणि रात्री दीड वाजता ‘एकदा शेवटचं बोलून बघू का?’ ही घासाघीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त खरा वाटतो. पाच वर्षांचं नातं तुटल्यावर मी पुण्याहून अमळनेरला परतले. तिसऱ्या महिन्यात मावशीकडे गेले, तिने चहा ठेवला आणि मी म्हणाले, “आम्ही बिनसाखरेचा घेतो.” मावशीने साखरेचा डबा झाकला, काही बोलली नाही. मला मात्र तो शब्द घरी येईपर्यंत टोचत राहिला. आम्ही म्हणजे कोण?

मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन हे दोन वर्तुळांच्या चित्राने समजावतात. जवळच्या नात्यात वर्तुळं एकमेकांवर सरकतात. त्याची आवड, त्याचे मित्र, त्याचे बेत आपल्या ‘मी’त शिरतात. तो गेला की त्याचं वर्तुळ जातं आणि जाताना आपल्यातला सामाईक तुकडाही ओढून नेतं. २०१० साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: ब्रेकअपनंतर माणसाला स्वतःचं वर्णन नीट करता येत नाही, आणि हा धूसरपणा जितका जास्त तितका त्रास जास्त. म्हणजे ‘मी कोण’ हे न कळणं हा तुमचा कमकुवतपणा नाही, दुखण्याचाच एक भाग आहे.

मी एका वहीत तीन रकाने पाडले. पहिल्यात आधीपासून माझं असलेलं, दुसऱ्यात त्याच्यामुळे सुटलेलं, तिसऱ्यात त्याच्याकडून आलेलं. दुसऱ्या रकान्याने मला हादरवलं. तिखट सुटलं होतं, कारण त्याला सोसायचं नाही. आणि अहिराणी सुटली होती! त्याच्यासमोर आईचा फोन आला की मी पुस्तकी मराठीत बोलायचे. तो एकदा हसला होता, तेवढंच. त्याने बंद कर म्हटलं नव्हतं. बंद मीच केली. म्हणून सगळं खापर त्याच्यावर फोडता येईना, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच जरा मोकळं वाटलं. मी सोडलेलं मला परत घेता येणार होतं.

परत घेणं काही एका दिवसात झालं नाही. आई विचारायची, “जेवनी का व?” आणि माझ्या तोंडून “हो, जेवले” असंच निघायचं. डिसेंबरात भरीत झालं. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचलेली, सोबत कळण्याची भाकरी. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. ते मिरचीचं की आणखी कशाचं, हे आईने विचारलं नाही.

यात एक फसगत होते, माझीही झाली. मी रोज पहाटे चालायला लागले आणि रोज त्या चालण्याचा फोटो स्टेटसला टाकायला लागले. स्टेटस कोणी पाहिलं त्या यादीत त्याचं नाव शोधायचे. म्हणजे नवी ‘मी’ घडत होती तीसुद्धा त्याला दाखवायला. तेव्हापासून कोणतीही नवी गोष्ट धरताना मी स्वतःला विचारते: त्याला हे कधीच कळलं नाही तरी मी करीन का? चालणं टिकलं, फोटो बंद झाले. त्याचा नंबरही काढून टाकला, कारण प्रत्येक डोकावण्यानंतरची रात्र वाईट जायची.

बोलण्याचाही उपयोग होतो, पण बेताने. २०१५च्या एका अभ्यासात काही तरुण मंडळींना नऊ आठवड्यांत अनेकदा बोलावून ब्रेकअपबद्दल विचारलं, बोलतं केलं. फक्त सुरुवातीला आणि शेवटी थोडं विचारलेल्यांपेक्षा त्यांचा ‘मी’ जास्त स्पष्ट झाला, आणि त्यांच्या बोलण्यातला ‘आम्ही’ कमी होत गेला. वाचलं तेव्हा मला मावशीचा साखरेचा डबा आठवला.

मात्र दोन आठवडे सलग झोप, जेवण, काम सगळंच कोलमडलं असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर लगेच फोन करा.

तिसऱ्या रकान्यातलं बरंचसं मी खोडलं, सगळं नाही. मागच्या आठवड्यात मावशीने चहा ठेवला, डब्याकडे हात नेला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, “मी बिनसाखरेचाच घेते.”