एक आकृती, तीन परिमिती

रात्री पावणेदहाला फोनवर वर्कशीटचा फोटो आला. खाली एवढंच लिहिलेलं: "मॅडम, क्षेत्रफळ जुळलं पण परिमिती चुकली. उत्तरसूचीत ६५ आहे, माझी ८६ येते. कुठे चुकलं?" मुलगी आठवीतली. एरवी चुकलं की गप्प बसणारी, म्हणून मी लगेच बसले.

फोटोवरून गणित शिकवताना आधी आकृती नीट वाचावी लागते, सोडवणं नंतर. फोटो तिरका घेतलेला असतो. कागदाचा जवळचा भाग मोठा दिसतो, लांबचा आक्रसतो. या फोटोत ८ सेमीची वरची बाजू १२ सेमीच्या डाव्या बाजूएवढी दिसत होती आणि अर्धवर्तुळ चपटं होऊन अंड्याच्या टोकासारखं झालं होतं. अशा वेळी पडद्यावर पट्टी लावून लांबी काढणारे लोक मी पाहिलेत, त्यात शिक्षकही आहेत. मला ते अजिबात पटत नाही. लिहिलेल्या मापांवरच भिस्त ठेवायची.

आकृती अशी होती. इंग्रजी एल अक्षरासारखा आकार, सगळे कोन काटकोन. डावी बाजू १२, तळ १५, वरची बाजू ८. वरच्या बाजूच्या उजव्या टोकापासून एक पायरी खाली उतरते, मग आडवी उजवीकडे जाते. शेवटी उजव्या उभ्या बाजूला बाहेरच्या अंगाला अर्धवर्तुळ चिकटवलेलं, त्यात त्रिज्या ३.५ लिहिलेली. पायरीच्या उभ्या भागाचं माप मात्र घडीवर आलं होतं. ते ५ असेल किंवा ६.

ते डोळे ताणून वाचायची गरज नसते. आकृती बंद आहे, म्हणजे डाव्या बाजूने जेवढं वर चढलो तेवढंच उजवीकडे खाली उतरायला हवं. अर्धवर्तुळाचा व्यास ७, म्हणून उजवी उभी बाजू ७. मग पायरी १२ वजा ७, म्हणजे ५. आडव्या भागाला माप दिलंच नव्हतं, पण तिथेही हाच हिशोब: १५ वजा ८, म्हणजे ७. त्रिज्या मात्र कापली गेली असती तर काहीच ठरवता आलं नसतं. ५ आणि ७ किंवा ६ आणि ६, दोन्ही जोड्या १२ ला बसतात. तेव्हा मी पुन्हा फोटो मागवला असता.

तिची वही बघितली. एका उभ्या रेषेने तिने आकृती तोडली होती: डावीकडे ८ बाय १२ चा आयत, उजवीकडे ७ बाय ७ चा चौरस, त्याला लागून अर्धवर्तुळ. ९६ आणि ४९ मिळून १४५, अर्धवर्तुळाचे १९.२५ मिळवून १६४.२५ चौसेमी. पायची किंमत २२/७ धरलेली. चोख काम. त्याच्याच खाली परिमितीसाठी तीच पद्धत: आयताची ४०, चौरसाची २८, अर्धवर्तुळाची १८ (११ ची वक्र कड आणि ७ चा व्यास), एकूण ८६.

चूक दिसली, पण उत्तरसूचीतले ६५ कुठून आले ते समजेना. म्हणून कडेकडेने बोट फिरवत मोजलं: तळ १५, मग अर्धवर्तुळाची कड ११, पायरीची आडवी ७, उभी ५, वर ८, डावीकडे १२. बेरीज ५८. दुसऱ्या वाटेनेही तपासलं. नुसत्या एलची परिमिती म्हणजे १५ आणि १२ च्या पूर्ण आयताएवढीच, ५४, कारण पायरीच्या बाजू आयताच्या कोपऱ्यातून आत सरकल्या तरी लांबी तेवढीच राहते. त्यातून ७ ची उजवी बाजू गेली आणि ११ ची वक्र कड आली. ५८ च. ज्याने उत्तरसूची केली त्याने ११ मिळवले, पण ७ वजा करायचे राहिले. म्हणून ६५. छापलेल्या कागदावर व्यासाची रेष तुटक असणार, फोटोत ती सलग दिसत होती. पण छापील आकृती समोर असलेल्या माणसाने ती परिमितीत धरावी, याचं मला वाईट वाटलं. वर्कशीट देणाऱ्या सहकाऱ्याला कळवलं. उत्तर आलं, "छापून झालंय, आता राहू दे." मला हे अजूनही मान्य नाही. ज्या मुलांचं ५८ बरोबर आलं असेल, ती आता ते खोडून ६५ लिहितील.

तिला सांगणार, तेवढ्यात दुसरा फोटो आला. तिच्या मैत्रिणीची वही. तिने आकृती आडवी तोडली होती: खाली १५ बाय ७, वर ८ बाय ५. १०५ आणि ४०, पुन्हा १४५. क्षेत्रफळ तेच, १६४.२५. परिमिती मात्र ४४, २६ आणि १८ मिळून ८८. "मॅडम, दोघींचं क्षेत्रफळ सारखं, मग परिमिती वेगळी कशी?"

इतकी वर्षं मी हा धडा शिकवते, पण ही दोन पानं शेजारी ठेवून कधी शिकवलं नव्हतं. मी तिला फोन केला आणि म्हटलं, "तू ८६ मधून ५८ वजा कर."

"२८."

"आणि मैत्रिणीच्या ८८ मधून?"

"३०."

"आता तुझी तोडरेष किती लांब आहे ते बघ."

ती थांबली. मग हळू आवाजात मोजू लागली. तोडरेष ७, ती आयतातही धरली आणि चौरसातही, म्हणजे १४. व्यास ७, तोही दोनदा, आणखी १४. झाले २८. मैत्रिणीची तोडरेष ८, दोनदा १६, आणि व्यासाचे १४. झाले ३०. "म्हणजे आम्ही आतल्या रेषा मोजल्या!" ती जवळजवळ ओरडलीच. मग स्वतःच म्हणाली, "क्षेत्रफळात रेष आली तरी बिघडत नाही, कारण रेषेला क्षेत्रफळ नसतं. पण लांबी असते."

हे वाक्य मी वर्गात कधी म्हटलं नव्हतं. मी फळ्यावर लिहीत आले ते असं: संयुक्त आकृती दिसली की आधी सोप्या भागांत तोडा. खाली क्षेत्रफळ, त्याखाली परिमिती, आणि दोन्हींसाठी तीच तोडलेली आकृती. मुलीने माझंच ऐकलं होतं. परिमितीसाठी तुकड्यांचा उपयोग फक्त न दिलेल्या बाजू शोधण्यापुरता. बेरीज करताना न तोडलेल्या आकृतीच्या कडेनेच जायचं.

सव्वादहाला तिने शेवटचा फोटो पाठवला. आकृती तीच, पण तोडरेष खोडरबराने पुसलेली, कागदावर पेन्सिलची राखाडी खूण राहिलेली. बाहेरची कड मात्र तिने निळ्या पेनाने गिरवली होती, वक्र भागासकट, आणि जिथून निघाली त्या कोपऱ्यावर छोटा ठिपका दिला होता, परत तिथेच पोचलो हे कळायला. खाली ५८ सेमी. शेजारी उत्तरसूचीतले ६५, आणि त्यावर प्रश्नचिन्ह.

ते प्रश्नचिन्ह खोडायला मी सांगितलं नाही. उद्या तिच्या वर्गात कोणी तिला विचारलं, तर ती निळी कड दाखवून उत्तर देईल. तिचं म्हणणं तिथे ऐकून घेतलं जाईल की नाही, याचाच विचार मी मघापासून करतेय.