तिसरा गेम होणार का?

“रॅली जिंकायचे टक्के कळले की अख्ख्या मॅचचा बेटिंगचा भाव आपोआप निघतो म्हणे. मग तू दिवसभर करतोस काय?”

निघतो ना, पाच मिनिटांत. बॅडमिंटनमध्ये एकाला प्रत्येक रॅली जिंकायची शक्यता ५२ टक्के धरा. २१ पॉइंटांचा गेम, २०-२० नंतर दोनची आघाडी, २९-२९ला जो घेईल तो पॉइंट शेवटचा. एवढं मोजलं की गेम जिंकायची शक्यता साधारण ६० टक्के येते आणि मॅचची ६५. तिसरा गेम होण्याची शक्यता ४८. मीही इथेच थांबलो होतो, आणि स्वतःवर खूश होतो.

लंडनमध्ये एका बेटिंग कंपनीत भाव काढायच्या कामाला होतो तेव्हाची गोष्ट. ‘मॅच दोनच गेममध्ये संपेल’ याची शक्यता माझ्या हिशेबाने ५२ टक्के, म्हणून कंपनीचा वाटा काढून १.८३ भाव लावला, म्हणजे शंभर लावून जिंकलात तर १८३ परत. लोक आठवडाभर नेमका तोच भाव उचलत राहिले. मी म्हणत होतो, नशीब. तीन आठवडे म्हणत होतो. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, “पहिला गेम २१-८ झाला, हे तुझ्या गणिताला कळतं का?”

कळत नव्हतं. माझ्या गणितात दुसरा गेमही त्याच ५२ टक्क्यांनी सुरू व्हायचा. पण ५२ ही सरासरी आहे. त्या दिवशीचा खेळाडू तसा असतोच असं नाही. समजा अर्ध्या दिवशी तो ५६चा खेळतो आणि अर्ध्या दिवशी ४८चा. गेम जिंकायची शक्यता अनुक्रमे ७९ आणि ४० टक्क्यांच्या आसपास येते. चांगल्या दिवशी दोन्ही गेम घ्यायची शक्यता वाढते, वाईट दिवशी दोन्ही घालवायची. सरळ दोन गेममध्ये संपायची शक्यता ५९ टक्क्यांवर जाते, तिसऱ्या गेमची ४१ उरते. ५९ टक्क्यांच्या गोष्टीला मी १.८३ देत होतो. शंभर रुपये लावणाऱ्याला सरासरी आठ रुपये घरी नेऊ देत होतो. मॅच कोण जिंकणार याचा भाव मात्र फारसा हलत नव्हता, म्हणून चूक दिसलीच नाही.

तेव्हा मी वाद घातला होता, की प्रत्येक रॅली स्वतंत्र असते. आजही वाटतं, तो मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. दिवस ठरला की रॅली बऱ्यापैकी स्वतंत्रच असतात. फक्त दिवस ठरलेला नसतो. आता पहिल्या गेमनंतर मी ‘आज चांगला दिवस आहे’ याचं वजन बदलतो. नुसता गेम जिंकला तरी पुढच्या गेमची शक्यता ६० वरून ६६ होते. २१-८ असेल तर बरीच जास्त.

आणि यालाही उलटा झटका आहे. हॉलमध्ये एसीचा वारा एका बाजूने वाहत असेल, तर एका टोकाहून शटल आवरता येत नाही. गेमनंतर टोकं बदलतात, म्हणजे पहिला जिंकलेला दुसऱ्यात अडकतो आणि तिसरा गेम होतो. कोणत्या हॉलमध्ये कुठलं वजन जास्त धरायचं, यावर माझी आणि त्या सहकाऱ्याची अजून भांडणं होतात.