एकूण बेरजेच्या आधीच्या दोन बेरजा

«काका, कॉन्ट्रॅक्टरने कोटेशनचा नुसता स्क्रीनशॉट पाठवलाय. आकडे बरोबर आहेत का, हे तुम्ही नेमकं कसं बघता?»

कॅल्क्युलेटर, पेन्सिल आणि पाठकोरा कागद घेऊन. बांधकामाच्या साइटवर बरीच वर्षं बिलिंग केलं, त्यामुळे सोसायटीत कुणाचं बाथरूम फोडायचं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन माझ्याकडे येतं. दर जास्त आहे का, हा प्रश्न मी मागाहून घेतो. आधी फक्त गुणाकार आणि बेरीज.

मागच्या महिन्यात शेजारच्या विंगमधून आलेलं कोटेशनच घेऊ. आठ ओळी होत्या:

जुन्या टाइल्स तोडणे: 185 चौ. फू. × 22 = 4,070
वॉटरप्रूफिंग: 64 चौ. फू. × 95 = 6,080
भिंतीच्या टाइल्स लावणे: 142.5 चौ. फू. × 68 = 9,960
ग्रॅनाइटचा ओटा: 11.5 रनिंग फूट × 1,450 = 16,675
प्लंबिंग पॉइंट: 9 नग × 850 = 7,650
रंगकाम: 1,240 चौ. फू. × 18 = 22,320
पीओपी सीलिंग: 96 चौ. फू. × 110 = 13,200
राडारोडा उचलणे, एकरकमी: 6,500

खाली एकूण 79,955, त्यावर 18 टक्के जीएसटी 14,392 आणि शेवटी जाड अक्षरात 94,347.

बहुतेक लोक या शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करतात. 79,955 ला 1.18 ने गुणतात, 94,347 येतं, समाधान होतं. ती पायरी बरोबरच होती. फक्त ज्या आकड्यावर टॅक्स लावला, तो आकडाच चुकीचा होता.

मी छापलेल्या एकूण बेरजेकडे बघतच नाही, ती जागा बोटाने झाकतो. कागदावर दोन रकाने पाडतो. पहिल्यात कोटेशनमधल्या रकमा जशाच्या तशा उतरवतो, चूक दिसली तरी. दुसऱ्यात परिमाण गुणिले दर असं स्वतः करून येणारी रक्कम. मग दोन्ही रकान्यांची बेरीज, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. दोन रकाने अशासाठी की गुणाकाराच्या चुका आणि बेरजेच्या चुका वेगळ्या असतात, आणि त्या एकमेकींना झाकतात. नुसता M+ दाबत गेलं तर खरी बेरीज कळेल, पण कॉन्ट्रॅक्टर कुठे चुकला ते कळणार नाही. मग त्याला फोन करून सांगणार काय?

इथे पहिल्या रकान्याची बेरीज आली 86,455. दुसऱ्याची 83,545. छापलेली 79,955. तीन बेरजा, तिन्ही वेगळ्या.

आधी ओळी. टाइल्सच्या ओळीत 142.5 गुणिले 68 म्हणजे 9,690 होतात, लिहिलेत 9,960. फरक 270. फरकाला 9 ने नि:शेष भाग जातो का, हे मी सवयीने बघतो. जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटे पडले असण्याची दाट शक्यता. हिशेबनीसांची ही जुनी खूण आहे. 270 ला जातो, आणि 6 नि 9 ची अदलाबदल तर डोळ्यांसमोरच होती. ती टायपिंगची चूक, त्यात डाव नाही.

पीओपीची ओळ निराळी. 96 गुणिले 110 म्हणजे 10,560, आणि लिहिलेत 13,200. फरक 2,640, याला 9 ने भाग जात नाही. अशा वेळी मी उलटा भागाकार करतो: 13,200 भागिले 110 म्हणजे बरोबर 120. भागाकार असा पूर्ण सुटला की समजायचं, आधी परिमाण 120 होतं, नंतर कुणीतरी ते 96 केलं आणि रक्कम तशीच राहिली. एक्सेलमध्ये रकमेच्या खणात सूत्र न घालता आकडा हाताने टाकला की हे होणारच. शेजाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, हो, पॅसेजचं सीलिंग आम्हीच काढायला सांगितलं होतं.

आता बेरीज. छापलेल्या रकमांची बेरीज 86,455 आणि छापलेलं एकूण 79,955, म्हणजे फरक 6,500. हा आकडा ओळखीचा वाटतोय ना? राडारोड्याची अख्खी ओळच बेरजेत नव्हती. शेवटची ओळ मागाहून घातली असणार आणि बेरजेचं सूत्र सातव्या ओळीपाशीच थांबलं असणार. एकूण बेरजेतला फरक एखाद्या ओळीच्या रकमेइतकाच निघाला, तर ती ओळ एक तर सुटलेली असते नाहीतर दोनदा धरलेली.

स्क्रीनशॉटचा म्हणून एक वेगळा त्रास असतो. रंगकामाच्या ओळीतला 4 मला 1 वाटत होता. पण 1,210 गुणिले 18 म्हणजे 21,780, आणि रक्कम स्पष्ट 22,320 दिसत होती. म्हणजे 1,240 च. अंधूक आकडा गुणाकाराने असा ओळखता येतो, पण ओळीतले बाकीचे दोन आकडे स्वच्छ असतील तरच. दोन अंधूक असतील तर अंदाज बांधत बसू नका, पीडीएफ मागवा. फोटोतून मजकूर उचलणारी सोय वापरलीत तर प्रत्येक आकडा फोटोशी ताडून बघा, कारण रुपयाचं चिन्ह कधीकधी 2 किंवा 7 होऊन बसतं. ओळी वीस-पंचवीस असतील तर मी आकडे शीटमध्ये टाकतो. बी रकान्यात परिमाण, सीमध्ये दर, डीमध्ये छापलेली रक्कम, आणि ईमध्ये हे:

```
=ROUND(B2*C2-D2,2)
```

शून्य आलं नाही त्या ओळीकडे बघायचं. दोन-तीन रुपयांचा फरक सोडून द्यावा. परिमाण मुळात 142.46 असेल आणि खणात 142.5 दिसत असेल, तर तेवढं होतंच.

या सगळ्यातून परिमाण खरं आहे का, हे कळत नाही. 7 फूट 9 इंच ही लांबी 7.9 अशी लिहिलेली मी किती वेळा पाहिली आहे! ती 7.75 हवी. गुणाकार चोख, बेरीज चोख, आणि तरी पैसे जास्त. त्यासाठी टेप घेऊन ओट्यापाशीच उभं राहावं लागतं.

कॉन्ट्रॅक्टरला «तुमचा हिशेब चुकलाय» असं मोघम कळवलं की तो चिडतो. मी शेजाऱ्यांना तीन ओळींचा मेसेज लिहून दिला: टाइल्स 9,690 हवेत, पीओपी 10,560 हवेत, राडारोड्याचे 6,500 बेरजेत धरलेले नाहीत. तिसरी ओळ लिहावी की नाही, यावर त्यांच्या घरात थोडी चर्चा झाली. मी म्हटलं, लिहा. काम संपल्यावर शेवटच्या बिलात तो ते 6,500 लावणारच, आणि तेव्हा घरभर सिमेंटची पोती पडलेली असताना तुम्ही भांडत बसाल.

संध्याकाळी नवं कोटेशन आलं, या वेळी पीडीएफमध्ये. एकूण 83,545, टॅक्ससकट 98,583. बोट न ठेवता पहिल्यांदा बेरीज बघितली ती मी तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, «काका, तुम्हाला तपासायला दिलं, तर तुम्ही चार हजार वाढवूनच आणलेत!»